बेरिअम सल्फेट पाण्यात किती विरघळते: एका प्रयोगाची पूर्वतयारी

नेरूळच्या ज्या महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते, तिथे तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना भौतिक रसायनाच्या तासाला एक प्रयोग करावा लागतो. अल्पविद्राव्य क्षाराच्या संपृक्त द्रावणाची वाहकता मोजायची आणि तिच्यावरून त्या क्षाराची विद्राव्यता काढायची. जर्नलमध्ये हा प्रयोग दीड पानात आटोपतो. यंदा जुलैमध्ये नवीन बॅच सुरू होण्यापूर्वी मी तो स्वतः पहिल्यापासून करून पाहायचा असे ठरवले, कारण मागची तीन वर्षे मुलांची उत्तरे खऱ्या किमतीच्या दुप्पट ते चौपट येत होती आणि आम्ही "प्रायोगिक त्रुटी" एवढे लिहून सही करत होतो. त्रुटी नेमकी कुठे शिरते हे मला माहीत नव्हते, आणि ते माहीत नसताना सही करणे मला खुपत होते.

क्षार म्हणून मी बेरिअम सल्फेट घेतले. क्ष-किरण तपासणीपूर्वी रुग्णाला पाजतात तेच हे पांढरे चूर्ण. विद्राव्य बेरिअम विषारी असते, पण हे सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणूनच ते पोटात देता येते. "जवळजवळ" या शब्दाची किंमत २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे अडीच मिलिग्रॅम आहे. एवढा पदार्थ अनुमापनाने मोजणे कठीण, आणि पाणी आटवून उरलेला भाग तोलायचा म्हटले तर महाविद्यालयातल्या तराजूला ते पेलत नाही. पण हे अडीच मिलिग्रॅम द्रावणात पूर्णपणे बेरिअम आणि सल्फेट या आयनांच्या रूपात असतात, आणि आयन वीज वाहून नेतात. म्हणून तराजूला जे दिसत नाही ते वाहकतामापकाला दिसते.

हिशेबाची बाजू सोपी आहे. द्रावण इतके विरळ असते की त्यातले आयन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत असे मानता येते, आणि मग त्या क्षाराची सममूल्य वाहकता ही अनंत विरलनाला असलेल्या किमतीइतकीच धरता येते. कोलराउशच्या नियमाप्रमाणे ही किंमत दोन्ही आयनांच्या स्वतंत्र वाट्यांची बेरीज असते. २५ अंशांना बेरिअमचा वाटा ६३.६ आणि सल्फेटचा ८०.०, म्हणून बेरीज १४३.६. ही दोन्ही मूल्ये एका सममूल्यासाठी, म्हणजे अर्ध्या मोलसाठी आहेत, हे इथेच ठळक लिहून ठेवते. कारण पुढे मुले नेमकी इथेच अडखळतात.

पहिल्या दिवशी मी मुले करतात तसेच केले. बेरिअम क्लोराईडच्या थंड द्रावणात सौम्य सल्फ्युरिक आम्ल एकदम ओतले, दुधासारखा आलेला साका दोनदा पाण्याने धुतला, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून हलवले, सेल बुडवला आणि मीटर वाचला. आकडा ११.४ मायक्रोसीमेन्स आला. पाण्याची वाहकता त्या दिवशी कॅनमधून थेट काढलेल्या पाण्यावर घेतली, ती १.६ भरली. सेलवर १.० असा स्थिरांक छापलेला होता, तोच धरला. वजाबाकी ९.८. हिशेब केला तेव्हा विद्राव्यता लिटरला ३४ मायक्रोमोल, म्हणजे सुमारे ८ मिलिग्रॅम निघाली. खऱ्या किमतीच्या तिप्पट. विद्राव्यता गुणाकारात ही संख्या वर्गात जाते, त्यामुळे तिथे चूक दहापटीची झाली. हे उत्तर मुलांच्या उत्तरांसारखेच होते आणि मला त्याचे एका अर्थी बरे वाटले, कारण चूक मुलांच्या हातात नसून पद्धतीत होती हे त्यातून उघड झाले.

मग मी एकेक दुवा सुटा करून तपासायला घेतला, आणि सुरुवात सेलपासून केली.

सेल स्थिरांक म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधले अंतर भागिले त्यांचे क्षेत्रफळ, असे आपण फळ्यावर लिहितो, पण प्रत्यक्षात तो कोणी पट्टीने मोजत नाही. विद्युतरेषा प्लेटांच्या कडेबाहेरही पसरतात आणि प्लॅटिनमवरचा काळा थर वापराने बदलतो. म्हणून ज्याची विशिष्ट वाहकता ठाऊक आहे असे द्रावण घ्यायचे, त्याची वाहकता मोजायची आणि भागाकार करायचा. ते द्रावण पोटॅशिअम क्लोराईडचे असते. मी क्षार ओव्हनमध्ये वाळवून, डेसिकेटरमध्ये थंड करून ०.१८६४ ग्रॅम तोलला आणि २५० मिलिलिटरच्या मोजपात्रात ०.०१ नॉर्मल द्रावण केले. या द्रावणाची विशिष्ट वाहकता २५ अंशांना सेंटिमीटरमागे १४१३ मायक्रोसीमेन्स असते आणि ३० अंशांना १५५२. पाच अंशांत जवळजवळ दहा टक्के फरक! मीटरने २५ अंशांना १३८४ दाखवले. १४१३ भागिले १३८४ म्हणजे १.०२१. छापील आकड्यापेक्षा दोन टक्के जास्त. ही दोन टक्के मला तिप्पट उत्तराचे कारण देत नव्हती, पण ती फुकट मिळणारी दुरुस्ती होती आणि ती मी पुढच्या प्रत्येक वाचनाला लावली.

तापमानाचा प्रश्न मात्र वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. जुलैमध्ये आमच्या प्रयोगशाळेत दिवसभर २९–३० अंश असतात, आणि आमचा थर्मोस्टॅट पाणी फक्त तापवतो, थंड करत नाही. मीटरमध्ये आपोआप तापमान-दुरुस्ती करणारी सोय आहे. ती सुरू ठेवली की ३० अंशांवरचे वाचन मीटर स्वतःच २५ अंशांवर आणून दाखवतो. पहिल्या दिवशी मी तीच सुरू ठेवली होती. नीट विचार केल्यावर तिच्यातली खोट लक्षात आली. ही सोय आयनांच्या वेगातला फरक दुरुस्त करते, दर अंशाला साधारण दोन टक्के या हिशेबाने. पण ३० अंशांचे संपृक्त द्रावण हे ३० अंशांना संपृक्त झालेले असते. त्यात बेरिअम सल्फेट मुळातच जास्त विरघळलेले असते, आणि ते जास्तीचे आयन कुठलीही दुरुस्ती परत साक्यात पाठवू शकत नाही. पुढे सगळे सुरळीत झाल्यावर मी मुद्दाम पाहिले. तेच द्रावण, तीच दुरुस्ती सुरू, पण पाणी २९.५ अंशांवर: ४.११ च्या जागी ४.३१ आले.

म्हणून दुरुस्ती बंद केली आणि खरोखरच २५ अंश आणायचे ठरवले. आमचे प्रयोगशाळा सहायक काका म्हणाले, "मॅडम, बर्फ सरळ पाण्यात टाकू नका, तापमान नुसतं वर-खाली होत राहील. पिशवीत बांधून एका कोपऱ्यात टांगा, आणि हीटर चालूच ठेवा." त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ भरून टबाच्या कडेला लटकवला. बर्फ सतत थोडी उष्णता काढत राहिला आणि हीटर तेवढी परत देत राहिला. तापमान २५ अंशांच्या आसपास दशांशाने हलत होते, त्यापेक्षा जास्त नाही. दर पाऊण तासाने पिशवी बदलावी लागे, आणि ते काम त्यांनी चारही दिवस न सांगता केले.

आता पाणी. या प्रयोगात शेवटी जे हाती येते ते दोन लहान आकड्यांच्या वजाबाकीतून येते: द्रावणाचे वाचन चारच्या थोडे पुढे आणि पाण्याचे एकच्या थोडे पुढे. फरक तीन. पाण्याच्या वाचनात ०.१ ची चूक झाली तर उत्तर तीन टक्क्यांनी हलते. अत्यंत शुद्ध पाण्याची विशिष्ट वाहकता २५ अंशांना ०.०५५ मायक्रोसीमेन्स असते, पण असे पाणी हवेत उघडे राहूच शकत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साईड त्यात विरघळतो, थोडे कार्बोनिक आम्ल तयार होते, आणि एवढ्यानेच वाहकता ०.९ च्या आसपास जाऊन पोहोचते. आम्ही ज्याला डिस्टिल्ड वॉटर म्हणतो त्याची १.१ ते १.६ ही वाहकता म्हणजे बहुतांशी हवेचीच देणगी आहे. म्हणून पाणी उकळून वायू घालवून टाकणे हा एक मार्ग, पण उकळलेले पाणी थंड होताना आणि हलवताना पुन्हा हवा पीतच राहते, आणि अर्धवट प्यायलेले पाणी सगळ्यात वाईट, कारण त्याचा आकडा दर दहा मिनिटांनी वेगळा असतो.

मी उलटा मार्ग घेतला. पाणी हवेशी पूर्ण समतोलात येऊ दिले आणि त्याच पाण्याचे दोन भाग केले. एका भागात साका घातला, दुसऱ्यात काहीच नाही. पुढे साक्याच्या बाटलीला जे जे झाले ते ते मोकळ्या पाण्याच्या बाटलीलाही झाले: तेवढाच वेळ हलवणे, तेवढाच वेळ टबात ठेवणे, तेवढ्याच वेळा झाकण उघडणे. पहिल्या दिवशी कॅनमधले पाणी मोजून ते हलवलेल्या, निथळलेल्या, तासभर उघड्या राहिलेल्या द्रावणातून मी वजा केले होते. ती वजाबाकी दोन अनोळखी पाण्यांची होती. बेरिअम सल्फेटच्या बाबतीत अशी सरळ वजाबाकी चालते, कारण सल्फेट हे तीव्र आम्लाचे आयन आहे आणि पाण्यातल्या कार्बोनिक आम्लाशी ते फारसा व्यवहार करत नाही.

याच टप्प्यावर एक प्रसंग घडला. मोकळ्या पाण्याचे वाचन १.१२ वर स्थिरावले होते. मी वहीत लिहायला वळले, आणि परत पाहिले तर १.३०. पाच मिनिटांत १.९ च्या पुढे. आधी वाटले सेल बिघडला. मग नाकाला कळले. पलीकडच्या ओट्यावर प्रथम वर्षाची मुले अकार्बनी पृथक्करण करत होती आणि तीव्र अमोनियाची बाटली बुचाशिवाय उघडी होती. अमोनिया पाण्यात झटकन शिरतो, तिथल्या कार्बोनिक आम्लाला भेटतो आणि अमोनिअम व बायकार्बोनेट आयन बनतात. आपल्या नाकाला जो वास नुसता "येतो" वाटतो, तो या पाण्यासाठी मोठाच असतो. त्या दिवसाची सगळी वाचने मी खोडली आणि पुढचे काम सकाळी, इतर प्रॅक्टिकल सुरू होण्यापूर्वी करायला लागले. ठाण्याहून पहाटेची ट्रान्स-हार्बर गाडी पकडून साडेसातला प्रयोगशाळेत पोहोचायचे, असा तो आठवडा गेला.

आणि शेवटी साका, ज्यात खरा दोष दडलेला होता. बेरिअम क्लोराईड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्यापासून सल्फेट खाली बसते आणि वर हायड्रोक्लोरिक आम्ल राहते. हायड्रोजन आयन पाण्यातला सर्वांत वेगवान वाहक. त्याचा वाटा ३४९.८, म्हणजे बेरिअमच्या साडेपाचपट. पहिल्या दिवसाच्या ११.४ मधला जास्तीचा सुमारे ७ मायक्रोसीमेन्सचा भाग फक्त या आम्लाचा धरला, तर त्यासाठी लिटरमागे अवघे ०.६ मिलिग्रॅम आम्ल पुरते. धुतलेल्या पाण्यात मी सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहिले होते आणि डोळ्यांना दिसेल अशी गढूळता आली नव्हती, म्हणून "क्लोराईड नाही" असे लिहिले होते. डोळा जिथे थांबतो तिथून हा प्रयोग सुरू होतो, हे मला तेव्हा कळायला हवे होते.

धुणे अपुरे का पडते, तेही साका पाहिल्यावर उमगले. थंड द्रावणात एकदम पाडलेला साका इतका बारीक असतो की तो खाली बसायलाच तयार नसतो. त्या असंख्य कणांच्या पृष्ठभागावर आणि त्यांच्या आतही मूळ द्रावण अडकून राहते. शिवाय अतिबारीक कण मोठ्या स्फटिकांपेक्षा किंचित जास्त विरघळतात, त्यामुळे त्यांचे द्रावण काही काळ खऱ्या संपृक्ततेच्या पुढे असते. दोन्हींवर उपाय एकच. दुसऱ्या वेळी मी दोन्ही द्रावणे विरळ घेतली, शंभर शंभर मिलिलिटर, ०.०५ मोलर. दोन्ही जवळजवळ उकळीपर्यंत तापवली, आम्ल थेंबाथेंबाने ढवळत घातले, मग बीकर दोन तास जलऊष्मकावर आणि पुढे रात्रभर तसाच ठेवला. सकाळी साका बदललेला होता. बीकर कलता केला की तो दुधासारखा उठत नव्हता, बारीक वाळूसारखा एका बाजूला सरकत होता आणि पंधरा मिनिटांत वरचे पाणी काचेसारखे नितळ होत होते.

गाळणकागद वापरला नाही. कागद स्वतःच आयन सोडतो आणि या पातळीवर ते मोजले जातात. फक्त निथळले. शंभर मिलिलिटर पाणी घालायचे, पाच मिनिटे हलवायचे, बसू द्यायचे, वरचे ओतायचे. आणि प्रत्येक धुण्यानंतर नव्या पाण्यात हलवलेल्या साक्याचे, २५ अंशांना, वाचन घ्यायचे. वहीत ही रांग अशी उतरली: ९.७०, ५.९७, ४.७३, ४.३२, ४.१८, ४.१३, ४.११, ४.११.

या आठ आकड्यांकडे मी बराच वेळ पाहत बसले होते. शेवटचा आकडा वगळला तर प्रत्येक धुण्यात जास्तीचा भाग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येत होता, आणि जो भाग कितीही धुतले तरी जात नव्हता, तो बेरिअम सल्फेटचा आणि पाण्याचा स्वतःचा होता. मळ धुतला जातो. संपृक्तता धुतली जात नाही, कारण साका शिल्लक असेपर्यंत तो नव्या पाण्याला पुन्हा तितकेच देतो. म्हणजे धुणे पुरे झाले की नाही याची परीक्षा बाहेरून आणायची गरजच नव्हती, ती याच मीटरमध्ये होती. चौथ्या धुण्यावर, ४.३२ वर, मन थांबायला सांगते, कारण आकडा "जवळजवळ" स्थिर दिसतो. तिथे थांबले असते तर उत्तर सात टक्के जास्त आले असते.

समतोल खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी आणखी एक गोष्ट केली. बाटली ४० अंशांपर्यंत तापवून, हलवून, पुन्हा २५ वर आणली. वाचन आधी ४.१७ होते, अर्ध्या तासाने ४.११. थंड बाजूने आणि गरम बाजूने एकाच आकड्यावर पोहोचलो म्हणजे द्रावण संपृक्त आहे, कमी नाही आणि अतिसंपृक्तही नाही.

आता हिशेब. द्रावण ४.११, सोबतचे मोकळे पाणी १.१२, फरक २.९९. त्याला सेल स्थिरांकाने गुणले की बेरिअम सल्फेटची विशिष्ट वाहकता सेंटिमीटरमागे ३.०५३ मायक्रोसीमेन्स मिळते.

```
κ = (4.11 − 1.12) × 10⁻⁶ × 1.021 = 3.053 × 10⁻⁶ S/cm
c = 1000 κ / Λ₀ = 1000 × 3.053 × 10⁻⁶ / 143.6
  = 2.126 × 10⁻⁵ eq/L
s = c / 2 = 1.063 × 10⁻⁵ mol/L
Ksp = s² = 1.13 × 10⁻¹⁰
```

शेवटून दुसऱ्या ओळीतला भागिले दोन म्हणजे मी वर म्हटलेली अडखळण्याची जागा. १४३.६ ही सममूल्याची वाहकता आहे, म्हणून आधी मिळते ती लिटरमागची सममूल्ये, आणि बेरिअम सल्फेटच्या एका मोलमध्ये दोन सममूल्ये असतात. काही पुस्तकांत मोलर वाहकता २८७.२ दिलेली असते. ती वापरली तर भागिले दोन करायचे नाही. दोन्ही करणाऱ्याचे उत्तर निम्मे येते, एकही न करणाऱ्याचे दुप्पट. मोलर वस्तुमान २३३.४ ने गुणले की लिटरमागे २.४८ मिलिग्रॅम. बरोबर.

आकडा जुळला म्हणून त्यातले गृहीतक विसरता येत नाही. आयन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत असे आपण धरले होते. ते थोडेसे येतात, आणि दुहेरी भाराचे आयन एकेरी भाराच्या आयनांपेक्षा जास्त येतात. ऑनसागरच्या समीकरणाने तपासले तेव्हा एवढ्या विरळ द्रावणातही सममूल्य वाहकता १४३.६ पेक्षा एक-सव्वा टक्का कमी असायला हवी, म्हणजे खरी विद्राव्यता माझ्या आकड्यापेक्षा तेवढीच जास्त. तृतीय वर्षाच्या प्रयोगात ही दुरुस्ती सोडून देता येते, पण सोडली आहे हे लिहायला हवे. जिप्समसाठी मात्र ती सोडता येणार नाही. कॅल्शिअम सल्फेट लिटरला सुमारे १५ मिलिमोल, म्हणजे बेरिअम सल्फेटच्या हजारपटीहून जास्त विरघळते. तिथे आयन एकमेकांना रोखतात, त्यांच्या जोड्या बनतात, आणि अनंत विरलनाची किंमत घेऊन केलेला भागाकार बराच कमी आकडा देतो. कॅल्शिअम कार्बोनेटला ही पद्धत वेगळ्याच कारणाने चालत नाही: तिथे पाण्यातला कार्बन डायऑक्साईड क्षारालाच विरघळवतो, तेव्हा मोकळ्या पाण्याचे वाचन वजा करण्याला अर्थ उरत नाही.

बॅच सुरू झाली तेव्हा मी मुलांना साका आधीच मुरवून दिला, पण धुणे त्यांच्याकडेच ठेवले, आणि आकड्यांची रांग स्थिर होईपर्यंत पुढे जायचे नाही असे सांगितले. सहा गटांपैकी पाच गटांची विद्राव्यता लिटरला १०.३ ते ११.१ मायक्रोमोलच्या आत आली. सहाव्या गटाची १३.६. त्या गटातल्या मुलीने वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "मॅडम, आम्ही आठ वेळा धुतलंय, शेवटचे दोन आकडे सेम आहेत." आकडे खरोखर सारखे होते, ४.११. पण त्यानंतरचे, हिशेबात घेतलेले वाचन ४.९५ होते.

"हे ४.११ आणि ४.९५ यांच्या मध्ये काय केलंत?" मी विचारले.

"मध्ये फक्त सेल स्थिरांक परत तपासला, मॅडम. पोटॅशिअम क्लोराईडमध्ये. मग सेल धुऊन लगेच द्रावणात टाकला."

"किती वेळा धुतला?"

"एकदा."

फळ्यावर आम्ही दोघींनी मिळून उलटा हिशेब केला. जास्तीचे ०.८४ मायक्रोसीमेन्स, ५० मिलिलिटर द्रावण, त्याला ०.०१ नॉर्मल पोटॅशिअम क्लोराईडचे ०.०३ मिलिलिटरदेखील पुरते. अर्धा थेंब. प्लॅटिनमवरचा काळा थर स्पंजासारखा असतो, तो क्षार धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. पहिल्याच आठवड्यात माझाही सेल १.९ वरून १.१२ वर यायला तास लागला होता आणि पाणी पाच वेळा बदलावे लागले होते, हे मी मुलांना सांगायचे विसरले होते. तिने सेल मोकळ्या पाण्यात बुडवून ठेवला, दर दहा मिनिटांनी पाणी बदलले, आणि पाण्याचे वाचन हलायचे थांबल्यावर नव्याने भरलेल्या द्रावणात तो पुन्हा घातला. मीटर ४.१३ वर थांबला. तिने जुना आकडा रबराने न पुसता त्यावर एक रेघ मारली, बाजूला कारण लिहिले आणि खाली नवा हिशेब सुरू केला.